बाळ येणार आहे, आई-बाबांना (वय ६२ आणि ६७) टीडॅप द्यायची का? बाबांचं टीटी झालेलं आहे

मोगरा_मानेवाडा
नमस्कार. पहिलीच खेप आहे, तिसावा आठवडा चालू आहे, तारीख २९ जून दिलीय. नोकरी पुण्यात पण बाळंतपणासाठी माहेरी आलेय, नागपूरला. मला अठ्ठाविसाव्या आठवड्यात टीडॅप दिली, ती झाली. तेव्हाच डॉक्टर मॅडम जाता जाता म्हणाल्या की बाळाला जे सांभाळणार त्यांनाही ही घेऊन टाका, म्हणजे आई-बाबांना. घरी आल्यावर बाबा म्हणाले मला मागच्या दिवाळीत पत्रा लागला होता तेव्हा टीटी घेतलंय, आता दहा वर्षं बघायचं नाही. आमच्याकडचे नेहमीचे कंपाउंडर काका पण तेच म्हणाले, टीटीवर लगेच परत घेतलं तर हात सुजतो, कशाला दीड हजार घालवता. आई म्हणते तिघांची तीन मतं, तूच काय ते ठरव. तर माझा प्रश्न एवढाच आहे की टीटी झालेल्या माणसाला टीडॅप लागते का, आणि लागत असेल तर कधी घ्यायची? इथे कोणी आजी-आजोबांना दिली आहे का?

तर्रीपोहा
कंपाउंडर बरोबर बोलून राहिला. धनुर्वाताचं इंजेक्शन एकदा घेतलं की दहा वर्षं चालते, हे सगळ्यांना माहीत आहे. हे नवीन नवीन नावाचे इंजेक्शन प्रायव्हेटवाल्यांचा धंदा आहे. सरकारी यादीत आहे का हे? नाही ना. मग.

अंबाझरीकाठ
अगं घाबरू नकोस, बाळाला दीड महिन्याला, अडीच महिन्याला आणि साडेतीन महिन्याला पेंटा देतात, त्यात हे सगळं येतं. आमच्या नातवाला महानगरपालिकेच्या दवाखान्यात फुकट दिली. एक दिवस ताप येतो, त्याचं पॅरासिटामॉलचं औषध तिथेच देतात. मांडीवर गाठ आली तर शेकू नकोस, आपोआप जाते.

मोगरा_मानेवाडा
काकू थँक्यू, पण मी बाळाचं नाही विचारत आहे, आई-बाबांचं विचारतेय. बाळाचं सगळं कार्डावर लिहून मिळणारच आहे.

अंबाझरीकाठ
अच्छा. आजी-आजोबांना पण देतात का? आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही बाई.

जुनी_सिस्टर
मी लसीकरणात नोकरी काढली आहे, आता रिटायर आहे, म्हणून लिहिते. तर्रीपोहा यांचं दहा वर्षांचं म्हणणं धनुर्वातापुरतं ठीक आहे. पण मोगराला बाळासाठी हवीय ती वस्तू धनुर्वाताची नाहीच आहे. आजोबांच्या धनुर्वातापासून बाळाला काही धोका नाही, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजोबांच्या खोकल्यापासून धोका आहे. टीटीत फक्त धनुर्वात. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प. टीडॅपमध्ये ते दोन आणि वरून डांग्या खोकला. बाबांनी दिवाळीत टीटी घेतलं असेल तर डांग्या खोकल्याच्या हिशोबाने त्यांनी काहीच घेतलेलं नाही.

आता अंतराचं. टीटी किंवा टीडी कधीही घेतलेली असो, तान्ह्या बाळाजवळ राहायचं असेल तर टीडॅपसाठी थांबायचं नसतं. पूर्वी लोक दोन वर्षं, पाच वर्षं धरायचे, ते आता नाही. फक्त एक गोष्ट बाबांना विचार, दिवाळीत टीटी घेतल्यावर हात कसा झाला होता? दोन दिवस ठणकला आणि गेला असेल तर काही नाही. पण खांद्यापासून कोपरापर्यंत सगळा हात सुजून लाल झाला असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तशा माणसाला धनुर्वाताचा अंश असलेली कोणतीच लस दहा वर्षं देत नाहीत. कंपाउंडरने अर्धवट ऐकलेलं ते हे असावं.

आणि घेतल्यावर शरीराला तयारीला दोन आठवडे लागतात. म्हणून बाळ घरात यायच्या निदान दोन आठवडे आधी. तुझ्याकडे तर भरपूर वेळ आहे.

मोगरा_मानेवाडा
बाबांना विचारलं. म्हणतात दुसऱ्या दिवशी स्कूटर चालवली, म्हणजे काही झालं नव्हतं.

तर्रीपोहा
सिस्टर, मान्य की टीटीत खोकल्याचं नसते. पण मला स्वतःला लहानपणी डांग्या खोकला झालेला आहे, माझी आजी सांगायची, तीन महिने खोकलत होतो. एकदा झाला की परत होत नाही. मोगराच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना सगळ्यांना होऊन गेला असेल. आणि आमच्या आयांनी काय लशी घेऊन पोरं वाढवली? एकेका घरी सात-सात पोरं होती.

कोराडीरोड
सात होती आणि त्यातली किती राहिली तेही विचारा आजीला. जाऊ द्या. आमच्या घरचं सांगतो, कारण "परत होत नाही" हे मी पण तेव्हा ऐकलं होतं.

माझ्या बहिणीचं बाळ पाच आठवड्यांचं होतं. माझ्या आईला महिनाभर खोकला होता, आम्ही म्हणत होतो कूलर सुरू झाला म्हणून घसा धरला. ताप नाही, काही नाही, दिवसा अगदी बरी असायची, स्वयंपाक सगळा तीच करायची. रात्री मात्र एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, उलटी होईपर्यंत खोकायची आणि मग शांत. बाळाला मांडीवर घेऊन तीच झोपवायची. नंतर बाळाला शिंका आल्या, नाक वाहिलं, दूध कमी झालं. खोकला जवळपास नव्हताच, ही गोष्ट लक्षात ठेवा, आम्ही खोकल्याची वाट बघत होतो आणि तो आलाच नाही. एका रात्री बहीण पाजत होती आणि बाळ मधेच चोखायचं थांबलं, ओठ जांभळे, अंग सैल. तिने पायाच्या तळव्यावर टिचक्या मारल्या तेव्हा श्वास घेतला. दवाखान्यात पोचेपर्यंत असं अजून झालं. आयसीयूत ठेवलं, नाकातून स्वॅब घेतला, डांग्या निघाला. बाळ आता ठीक आहे, धावतंय. पण तेव्हा घरातल्या आम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या, आणि डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो हाच की घरात कोण खोकून राहिलं आहे. आई आजही त्याचं नाव काढत नाही. बहिणीला गरोदरपणात दोन टीटी दिले होते, टीडॅप कोणी सांगितली नव्हती.

जुनी_सिस्टर
@तर्रीपोहा, होऊन गेलेल्याला परत होतो. आजाराने आलेली ताकद पण काही वर्षांनी उतरते, लशीची तर अजून लवकर उतरते. मोठ्यांमध्ये तो ओळखू येत नाही कारण ती शेवटची हूऽप अशी शिट्टी बहुतेक मोठ्यांना नसते. आणि कोराडीरोड यांनी सांगितलं तसं, अगदी तान्ह्या बाळाला पण नसते, ते सरळ श्वास थांबवतं. मधल्या वयाच्या पोरांचं चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलंय म्हणून दोन्हीकडचं सुटतं.

खामल्याचा_भाऊ
बाप्पा, हे वाचून मलेच घाम फुटला. आमच्या मायले तीन हप्ते झाले खोकला आहे अन् घरात वहिनीचं बाळ आहे दोन महिन्याचं. मी परवाच मेडिकलवरून तीन गोळ्यावाला अॅझिथ्रो आणून देल्ला, खोकला काही कमी नाही झाला. म्हणजे डांग्या नसन ना? आता तिले ही लस देऊन देऊ का?

जुनी_सिस्टर
भाऊ, आधी हे थांबवा. लस ही आता उपचार नाही, आधी डॉक्टरला दाखवा आणि सांगा की घरात दोन महिन्यांचं बाळ आहे, हे वाक्य आठवणीने सांगा नाहीतर ते पण ऊन-सर्दी म्हणून सोडतील. गोळ्यांनी खोकला कमी नाही झाला यावरून काहीच ठरत नाही, कारण खोकला रुजल्यावर औषधाने जंतू मरतात पण खोकला आठवडेच्या आठवडे चालूच राहतो. औषध देतात ते मुख्यतः दुसऱ्याला लागू नये म्हणून. आणि डांग्याला पाच दिवसांचा कोर्स असतो, तीन गोळ्यांचं पाकीट नाही. स्वॅब करायचा तर पहिल्या तीन आठवड्यांतच त्याचा उपयोग, तुमचे संपत आले आहेत, आणि आधी अॅझिथ्रो दिल्यामुळे आता खोटं निगेटिव्ह पण येऊ शकतं. तोवर मायला बाळाजवळ झोपवू नका. बाळाची पेंटा झाली का?

खामल्याचा_भाऊ
पयली झाली आठ दिवसांआधी, उशीर झाला थोडा. उद्याच नेतो मायले.

प्रयोगशाळेतला
मायक्रोबायोलॉजीत आहे, म्हणून थोडं पाणी ओततो, कोणी रागावू नका. आजी-आजोबांना लस देऊन बाळाभोवती कडं करायचं ही कल्पना जेवढी सुंदर वाटते तेवढी सिद्ध झालेली नाही. टीडॅपमध्ये डांग्याचा अख्खा जंतू नसतो, त्याचे वेचून काढलेले प्रोटीन असतात. त्याने माणूस स्वतः आजारी पडत नाही किंवा कमी पडतो, पण जंतू नाका-घशात बसून राहणं त्याने तितकंसं थांबत नाही. २०१३ च्या सुमारास अमेरिकेत बॅबून माकडांवर प्रयोग झाला, ही लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत पण त्यांच्या घशात जंतू आठवडे राहिला आणि दुसऱ्या माकडांना लागला. माकडांचं जसंच्या तसं माणसांना लावता येत नाही हे खरं, पण लस घेतली म्हणजे आजोबा बाळाला देऊच शकत नाहीत असं समजू नका. बाळाला खरं वाचवतं ते आईने गरोदरपणात घेतलेलं, कारण तिची तयार अँटिबॉडी नाळेतून बाळात जाते आणि पहिले दोन-तीन महिने राहते. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर बायकांना द्यायला सुरुवात केली आणि तान्ह्या बाळांमधल्या केसेस खूप खाली आल्या. मोगराने ती घेतलीय, म्हणजे मोठं काम झालेलं आहे.

तर्रीपोहा
बघा, शास्त्रज्ञच म्हणून राहिला की उपयोग नाही.

प्रयोगशाळेतला
मी तसं म्हटलेलं नाही. खोकणारा माणूस न खोकणाऱ्यापेक्षा जास्त जंतू उडवतो एवढं तरी कळतं ना. आजोबा आजारीच पडले नाहीत तर बाळाच्या तोंडावर खोकणार पण नाहीत. माझं म्हणणं एवढंच की हे दुसरं कुलूप आहे, पहिलं नाही. पैसे एकाच लशीला पुरत असतील तर आईची आधी.

मोगरा_मानेवाडा
हे सगळं वाचून माझं डोकं गरगरतंय. म्हणजे मी आता आई-बाबांना द्यायची की नाही द्यायची? पैशांचा प्रश्न तसा नाहीये, दोघांचे तीन-चार हजार जातील, चालेल. दिली तर नेमकं कधी आणि किती वेळा? बूस्टर म्हणजे एकदाच ना?

जुनी_सिस्टर
द्यायची, माझं तरी हेच मत. अमेरिकेत आधी ६५ च्या वरच्यांना देत नव्हते, २०१० मध्ये बाळाजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सुरू केली आणि २०१२ पासून ६५ वरच्या सगळ्यांना. म्हणजे बाबांचं वय ६७ आहे ही अडचण नाही. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नाही, खासगीतच घ्यावी लागते.

आता किती वेळा, हे नीट वाच, कारण इथे बहुतेक लोक चुकतात. बूस्टर कोणाला म्हणतात, ज्याचा पाया आधी घातलेला आहे त्याला. तुझे बाबा ६७ चे, आई ६२ ची. आपल्या देशात मुलांना डीपीटी द्यायचा सरकारी कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला आणि गावागावात पोचायला १९८५ नंतरचा काळ उजाडला. तेव्हा तुझे आई-बाबा शाळा-कॉलेज करून मोकळे झाले होते. त्यांना लहानपणी डीपीटी मिळाली असण्याची शक्यता फार कमी. आईला तुझ्या वेळी टीटी दिलं असेल, तिचा धनुर्वाताचा काहीतरी पाया आहे. बाबांना जखमेचे टीटी. पण घटसर्पाचा पाया दोघांचाही नाही, कारण टीटीत घटसर्प नव्हताच. गरोदर बायकांना आता टीटीऐवजी टीडी देतात ते यासाठीच. घटसर्प आपल्या देशातून गेलेला नाही आणि तो आता फक्त लहान मुलांचा आजार राहिलेला नाही.

अशा माणसाला एक सुई पुरत नाही. पद्धत अशी की पहिली टीडॅप, तिच्यानंतर चार आठवड्यांनी टीडी, आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी अजून एक टीडी. महाग फक्त पहिली, टीडी अगदी स्वस्त असते. त्यानंतर मात्र दहा वर्षांनी एक.

तुझ्या तारखेवर बसवते. आज २० एप्रिल. आई-बाबांना या आठवड्यात किंवा फार तर मे लागता लागता टीडॅप दे. समज १ मे ला दिली, तर १५ मे ला त्यांची तयारी झालेली असेल, आणि तुझं बाळंतपण लवकर झालं, समज ३७ व्या आठवड्यात म्हणजे ८ जूनच्या आसपास, तरी आपण पुढे आहोत. दुसरी टीडी २९ मे किंवा त्याच्या नंतर कधीही, चार दिवस उशीर झाला तर परत पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. तिसरी पुढच्या डिसेंबरपासून, बाळाच्या बोरन्हाणाच्या गडबडीत उरकली तरी चालते. बाळासाठी कामाची ती पहिली सुई, पुढच्या दोन आई-बाबांच्या स्वतःच्या भल्यासाठी.

औषधवाला
धंतोलीत दुकान आहे माझं, रोजचा व्यवहार आहे म्हणून दोन गोष्टी.

एक, मागताना चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून आणा. आपल्याकडे बूस्ट्रिक्स आणि अॅडासेल या दोन नावांनी मिळते. लोक येऊन म्हणतात "ते टीटीवालं मोठं इंजेक्शन द्या". लहान मुलांच्या डीपीटीवाल्या लशीचं नाव पण त्याच अक्षरांनी बनतं, फक्त मोठ्यांच्या लशीत डी आणि पी ही अक्षरं छोटी छापलेली असतात. छोटी अक्षरं म्हणजे छोटा डोस. मोठ्या माणसाला मुलांची दिली तर घटसर्पाचा डोस जास्त जातो आणि हात चांगलाच पेटतो. टोचायच्या आधी खोकं बघून नाव वाचून घ्या, आणि रिकामं खोकं किंवा बॅच नंबर कागदावर चिकटवून ठेवा.

दुसरी गोष्ट नागपूरच्या उन्हाची. ही लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते. आत्ता एप्रिलात पारा ४२-४३, मे मध्ये ४५ च्या घरात जातो. लोक दुकानातून घेतात, डिकीत टाकतात, वाटेत भाजी घेतात, मग दवाखान्यात रांगेत बसतात. याच्या उलट काही जण जास्त हुशारी करतात आणि बर्फाच्या खड्यांमध्ये घुसवून आणतात. ते त्याहून वाईट, कारण ही लस गोठली की गेली, परत वितळवून काही होत नाही, तिच्यातला अॅल्युमिनियमचा भाग गुठळ्या धरतो. बर्फाची पिशवी आणि लशीचं खोकं यांच्या मधे वर्तमानपत्राचे दोन-तीन थर घाला. त्यापेक्षा सोपं, ज्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ती आहे तिथेच टोचून घ्या, सकाळी जा, वाहून नेऊच नका. सिरिंज हलवल्यावर एकसारखी दुधाळ दिसली पाहिजे. ठेवून दिली तर खाली पांढरा गाळ बसतो, वर स्वच्छ पाणी, त्याला घाबरू नका. हलवल्यावर पण कण किंवा गुठळ्या फिरत राहिल्या तर घेऊ नका.

अंबाझरीकाठ
दादा, इन्व्हर्टर नसलेल्या दवाखान्यात लाइट गेली तर? आमच्याकडे उन्हाळ्यात रोज दोन तास जाते.

औषधवाला
लशीचा फ्रीज सारखा उघडला नाही तर दोन तास धरतो. पण विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर फ्रीजमधला थर्मामीटर दाखवतो. फ्रीजमध्ये लशीशेजारी पाण्याच्या बाटल्या आणि कोणाचा डबा दिसला तर मी तरी तिथून उठून येईन.

मोगरा_मानेवाडा
थँक्यू दादा, हे कोणीच सांगत नाही. सिस्टर, एक राहिलं. बाबांना शुगर आहे आणि तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद कराव्या लागतील का दोन दिवस? आईला काही नाही, थायरॉइड फक्त.

जुनी_सिस्टर
बंद मुळीच करायच्या नाहीत, स्टेंटवाल्याने तर स्वतःच्या मनाने कधीच नाही. टोचणाऱ्याला आधी सांगायचं, ते बारीक सुई घेतात, आणि नंतर कापूस दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचा नाही. आपल्याकडे टोचल्याबरोबर खसाखसा चोळायची सवय आहे, तिथेच काळंनिळं होतं. शुगर आणि थायरॉइडची काही अडचण नाही. त्या दिवशी चांगला ताप असेल तर पुढे ढकला, नुसती सर्दी असेल तर ढकलायची गरज नाही. अर्धा मिली असते, दंडाच्या वरच्या भागात. दोन दिवस दंड दुखेल, एखाद वेळी अंग कसकसेल. दवाखान्यात पंधरा-वीस मिनिटं बसून मग निघा. आणि विचारून ठेव, दोघांपैकी कोणाला आधी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठून श्वास लागला होता का, किंवा लशीनंतर हातपाय लुळे पडायचा तो आजार झाला होता का. तसं असेल तर डॉक्टरशी बोलल्याशिवाय नाही.

कोराडीरोड
आणि मालिशवाल्या बाईचं काय? आमच्याकडे ती दिवसाला पाच घरं करायची. बाळाला रोज तासभर तोंडाजवळ धरून तेल लावते, शेक देते, धुरी देते. आजोबा तर लांबूनच बघत असतात.

मोगरा_मानेवाडा
अरे देवा. हे डोक्यातच नव्हतं. आमची ठरलीय, चांगली आहे, आईच्या ओळखीची, पण तिला लस घे म्हटलं तर येईल का?

तर्रीपोहा
नाही येणार. ती म्हणेल माझ्यात काय रोग आहे का. आमच्याकडे सांगून पाहिलं होतं कोविडच्या वेळी, बाईने काम सोडलं.

कोराडीरोड
पैसे आपण द्यायचे आणि म्हणायचं की आम्ही सगळ्यांनीच घेतली, तू पण घे. आईने माझ्या दुसऱ्या भाच्याच्या वेळी असंच केलं, स्वतःसोबत घेऊन गेली. नाही ऐकलं तर निदान एवढं ठरवून घ्या की खोकला असेल त्या दिवशी यायचं नाही आणि त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. पैसे कापले तर ती खोकला दाबून येणारच.

प्रयोगशाळेतला
हा पैसे न कापायचा मुद्दा कुठल्याही लशीइतका कामाचा आहे.

अंबाझरीकाठ
माझं मत, पहिले दोन महिने मालिश आजीनेच करावी. आम्ही तेच केलं. सव्वा महिना बघायला येणारे पण बंद, बारशाला काय ते या म्हणावं.

मोगरा_मानेवाडा
अपडेट देते. काल आई-बाबा दोघांची टीडॅप झाली, रामदासपेठेत, त्यांच्याच फ्रीजमधली होती. बाबांनी सिरिंज स्वतः हातात घेऊन नाव वाचलं, डॉक्टर हसले. बाबांचा दंड आज दुखतोय, आईला काही नाही. पण एक गडबड आहे. सिस्टर, मी तीन डोसचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले ते पुस्तकात आहे, या वयात एवढं कोणी करत नाही, एक झाली बास, दहा वर्षांनी बघू. आता काय करायचं?

जुनी_सिस्टर
प्रॅक्टिसमध्ये बरेच जण एकच देऊन सोडतात हे खरं आहे, आणि बाळापुरतं बघितलं तर तुझं काम झालेलं आहे. पण घटसर्पासाठी एका डोसचा भरवसा मी देणार नाही. ज्याच्याकडे लहानपणीच्या लशीचा कागद नाही त्याला न घेतलेला धरायचं, अशीच रीत आहे. मी माझ्या नवऱ्याला तिन्ही दिल्या. डॉक्टरांना परत एकदा असं विचार की यांना लहानपणी डीपीटी मिळालेलीच नाही, मग हा बूस्टर कशाचा? ऐकलं तर ठीक.

औषधवाला
माझ्या अनुभवात टीडीची चिठ्ठी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. भांडण नको, चिठ्ठी मागा.

प्रयोगशाळेतला
इथे मला दोन्ही बाजू कळतात. बाबांना आयुष्यात अनेक टीटी झालेले असतील तर धनुर्वाताच्या दृष्टीने त्यांना पुढच्या दोन जास्तच होतील, आणि घटसर्पाच्या दृष्टीने कमी पडतील. घटसर्पाची वेगळी सुट्टी लस मिळत नाही, त्यामुळे एकाबरोबर दुसरं येतंच. दंड थोडा जास्त दुखेल, बाकी काही नाही. अँटिबॉडी तपासता येते पण ती तपासणी सहज कुठे होत नाही आणि लशीपेक्षा महाग पडेल.

मोगरा_मानेवाडा
आई म्हणते घेऊन टाकू. बाबा म्हणतात जूनमध्ये बघू. म्हणजे आई घेईल आणि बाबा घेणार नाहीत, मला माहीत आहे.

खामल्याचा_भाऊ
मायले दाखवलं. डॉक्टरने पाच दिवसांचा कोर्स देल्ला अन् घरातल्या आम्हा चौघांलेही, बाळाले पण वेगळं औषध वजनावर. स्वॅब नाही केला, म्हणे आता उशीर झाला, बाळ आहे म्हणून धरूनच चालू. डांग्याच होता का काय ते काही समजलं नाही. माय वरच्या खोलीत झोपून राहिली अन् रागावून बसली आहे का मले माझ्याच नातीपासून दूर केलं म्हणून. सिस्टर, किती दिवस असं ठेवायचं?

जुनी_सिस्टर
औषधाचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर खोकला राहिला तरी तिच्याकडून लागत नाही, नात खुशाल मांडीवर द्या. फक्त एक गोळी पण चुकवू देऊ नका. बाळ श्वास धरतंय, निळं पडतंय किंवा दूध ओढत नाहीये असं वाटलं तर वाट न बघता थेट मुलांच्या आयसीयूवाल्या दवाखान्यात, फोन करून विचारत बसू नका. आणि आईचा खोकला पूर्ण बसला की तिला टीडॅप द्या. डांग्या झाला असेल नसेल, लस देण्यात काही नुकसान नाही.

अंबाझरीकाठ
माझी विहीणबाई ७० च्या आहेत, त्यांना मार्चमध्येच मेडिकलमधून टीडी दिली, पायाला खिळा लागला होता. सून सातव्या महिन्यात आहे. त्यांना पण आता लगेच टीडॅप चालेल का? महिनाच झालाय म्हणून विचारते.

औषधवाला
चालते काकू. वर सिस्टरने लिहिलंय तेच, अंतर बघायचं नाही, फक्त टीडी घेतल्यावर हात कसा झाला होता ते विचारून घ्या. आणि सुनेची स्वतःची झाली का, ते आधी बघा.

अंबाझरीकाठ
तिला दोन टीडी झाल्या म्हणते. टीडॅपचं कोणी काही बोललेलं नाही.

जुनी_सिस्टर
मग विहीणबाईंचं नंतर. सुनेला या आठवड्यातच डॉक्टरकडे पाठवा आणि टीडॅपचं नाव घेऊन विचारायला सांगा. सत्तावीस ते छत्तीस आठवडे ही तिची वेळ आहे, दोन टीडी झाल्या असल्या तरी देता येते.